संपर्कयादीतून नाव वगळल्यावर

मोबाईलच्या संपर्कयादीतून एखादे नाव काढून टाकले की त्या इसमाशी व्हॉट्सॲपवर झालेला सारा संदेशव्यवहारही त्याबरोबरच नाहीसा होतो, हा समज इतका रूढ झाला आहे की, कोणी संतापाच्या भरात नाव खोडून ‘सगळे मिटले’ म्हणून निश्चिंत होतो, तर कोणी दिवंगत वडिलांचे शेवटचे निरोप हातचे जातील या भयाने त्यांचा बंद पडलेला क्रमांकसुद्धा वर्षानुवर्षे जपून ठेवतो. पहिल्याची निश्चिंती आणि दुसऱ्याचे भय ही दोन्ही सारखीच निराधार आहेत. पण दुसऱ्याच्या मनाला त्यापायी विनाकारण यातना होतात, म्हणून त्याच्या बाजूने हा विषय थोडा विस्ताराने पाहणे मला अगत्याचे वाटते.

वस्तुस्थिती अशी की, नाव आणि संभाषण यांची दप्तरे मुळातच वेगवेगळी आहेत. नाव राहते ते फोनच्या संपर्कयादीत, आणि ही यादी बहुधा गूगल किंवा ॲपल यांच्या खात्याशी जोडलेली असते. संभाषण राहते ते व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या संग्रहात, जो अँड्रॉइड फोनवर `msgstore.db` या फाइलमध्ये असतो. या संग्रहात संदेश कोणाचा याची खूण म्हणून आपण दिलेले नाव लिहिलेले नसते. संभाषणाचा संबंध समोरच्या इसमाच्या व्हॉट्सॲप खात्याशी, म्हणजेच व्यवहारतः त्याच्या दूरध्वनी क्रमांकाशी जोडलेला असतो, आणि पडद्यावर संभाषण दाखवतेवेळी हा क्रमांक संपर्कयादीत कोणत्या नावाने नोंदला आहे हे पाहून ते नाव वर लावले जाते. म्हणून नाव वगळले की मजकूर, छायाचित्रे, ध्वनिसंदेश हे सर्व जागच्या जागी राहते. बदलतो तो केवळ मथळा, जेथे आता `+91` पासून सुरू होणारा क्रमांक दिसू लागतो. समूहातील संदेशांवर त्या क्रमांकाबरोबर ~ अशा नागमोडी रेघेमागे एक नाव दिसते. ते मात्र आपण दिलेले नसून त्या व्यक्तीने आपल्या खात्यावर स्वतःच लिहिलेले असते. नाव प्रत्येक संदेशावर कोरलेले नसल्यामुळे बदल मागील तारखेलाही लागू होतो: पाच वर्षांपूर्वीच्या संदेशावरही आज क्रमांक दिसतो, आणि उद्या तोच क्रमांक पुन्हा नोंदला तर त्याच जुन्या संदेशावर नवे नाव येते.

एक कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. वडिलांचा क्रमांक मुलीच्या फोनवर ‘बाबा’ म्हणून, तर आईच्या फोनवर ‘हे’ म्हणून नोंदलेला आहे. ही दोन्ही नावे त्या त्या फोनची, किंबहुना त्या त्या खात्याची खाजगी मालमत्ता असल्यामुळे मुलीने ‘बाबा’ ही नोंद काढली तरी आईच्या फोनवर तिळमात्र फरक पडत नाही. वडिलांच्या निधनानंतर सिमकार्ड बंद होते. भारतात बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्या कोणास दिला जात नाही. ती मुदत सरल्यावर मात्र कंपनी तो नव्या ग्राहकाच्या नावे करू शकते, आणि त्या ग्राहकाने व्हॉट्सॲप सुरू केले की मुलीच्या फोनवर ‘बाबा’ या नावाशेजारी एका सर्वस्वी अपरिचित माणसाचे छायाचित्र उमटते. हा आघात लहान नव्हे. नाव काढून टाकल्याने तो निश्चित टळतो, कारण परका चेहरा आणि प्रिय नाव यांची सांगड तेथेच तुटते, आणि वडिलांचे संदेश तर सुरक्षितच राहतात. मर्यादा एकच ध्यानात ठेवावी: त्या नव्या ग्राहकाने कधी संदेश पाठवलाच, तर क्रमांक तोच असल्यामुळे तो सामान्यतः त्याच जुन्या संभाषणाच्या शेवटी येऊन पडतो.

नाव काढले तरी ते दिसतच राहिले, ही तक्रारही वरचेवर ऐकू येते, आणि तिचा निष्कर्ष ‘व्हॉट्सॲपने नाव चोरून ठेवले’ असा काढला जातो. बहुतेक वेळा कारण साधे असते: तोच क्रमांक सिमकार्डावर, फोनच्या स्मृतीत आणि गूगल खात्यात असा दोन-तीन ठिकाणी नोंदलेला असतो, फोन या नोंदी एकत्र जोडून एकच दाखवतो, आणि त्यांपैकी एक खोडली तरी दुसरी नाव पुरवीत राहते. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपने संपर्क स्वतःच्याच खात्यात जतन करण्याची सोय जाहीर केली. तेथे केलेली नोंद फोनच्या यादीतून काही खोडल्याने जात नाही, ती व्हॉट्सॲपमध्ये जाऊनच काढावी लागते. कॉलच्या नोंदींत नाव रेंगाळण्याचे कारण आणखी निराळे आहे, कारण अँड्रॉइड त्या नोंदीसोबत त्या वेळच्या नावाची एक प्रत टिपून ठेवतो.

नाव वगळणे म्हणजे त्या माणसाला मज्जाव करणे, हा समजही तितकाच चुकीचा. त्यास कसलीही सूचना जात नाही आणि तो पूर्ववत संदेश पाठवू शकतो, कॉलही करू शकतो; मज्जाव हवा असेल तर ‘ब्लॉक’ ही तजवीज स्वतंत्र आहे. तथापि परिणाम अगदीच शून्य नाही. आपण आपले छायाचित्र किंवा शेवटच्या हजेरीची वेळ ‘माझे संपर्क’ एवढ्यांपुरती खुली ठेवली असेल, तर नाव वगळताच तो माणूस त्या वर्तुळाबाहेर जातो. त्याचे छायाचित्र आपल्याला दिसावे की नाही हे मात्र त्याच्या निवडीवर आणि त्याच्या यादीवर ठरते, आपल्या नव्हे. व्हॉट्सॲपच्या ‘ब्रॉडकास्ट’ यादीतून तो एकदम अनेकांना धाडीत असलेले संदेशही आपल्यापर्यंत येणे थांबते, कारण पाठवणाऱ्याचा क्रमांक ज्यांच्याकडे नोंदलेला असतो त्यांनाच ते मिळतात.

घाईने खोडलेले नाव परत मिळवणेही कठीण नाही. नोंद गूगल खात्यातील असेल तर ती `contacts.google.com` येथे ‘ट्रॅश’ या विभागात ३० दिवस राहते, आणि तेथून परत आणताच संभाषणावर पूर्वीचे नाव पुन्हा झळकते. मुदत उलटली असली तरी व्हॉट्सॲपमध्ये संभाषणातील एखादा आठवणारा शब्द किंवा क्रमांकाचे काही अंक शोधून तो धागा सापडतो, आणि तेथूनच नवी नोंद करता येते. आपण दिलेल्या जुन्या नावाने शोधल्यास काही मिळत नाही, आणि ‘संभाषण गेले’ असा आक्रोश पुष्कळदा एवढ्यावरूनच होतो. ते खरोखर जाते ते ‘डिलीट चॅट’ हा निराळा हुकूम आपण स्वतः दिल्यावर, किंवा बॅकअप न घेता फोन बदलल्यावर.

म्हणून त्या मुलीने कामाचा क्रम उलटा ठेवू नये. प्रथम, ‘बाबा’ ही नोंद कायम असतानाच, संभाषणातील ‘एक्स्पोर्ट चॅट’ वापरून त्याची प्रत काढावी, कारण या प्रतीच्या मजकुरात प्रत काढतेवेळी जे नाव दिसत असेल तेच प्रत्येक ओळीत कायमचे लिहिले जाते, आणि नोंद आधी खोडली तर तेथे निव्वळ क्रमांक उतरतो. प्रत काढताना छायाचित्रे व ध्वनिसंदेश समाविष्ट करण्याचा पर्याय निवडावा, अन्यथा वडिलांचा आवाज तीत येत नाही. प्रत दुसऱ्या ठिकाणी उघडून पाहिल्यावरच संपर्कयादीकडे वळावे.