पंधराशे दिरहमांतले आठशे

खेड, मंडणगड, श्रीवर्धन, महाड या पट्ट्यात आखाती नोकरीची किंमत एका आकड्यात सांगतात. "पंधराशेचा व्हिसा आलाय" असं एजंट म्हणतो आणि घरात लगेच गुणाकार सुरू होतो. दिरहम चोवीस रुपयांचा धरला तर महिना छत्तीस हजार. दोन वर्षांत घराचा स्लॅब, नाहीतर बहिणीचं लग्न. हा गुणाकार चुकत नाही. चुकतो तो पंधराशे हा आकडा, कारण तो पगाराचा नसतो. तो एजंटने तीन-चार गोष्टींची बेरीज करून तोंडी सांगितलेला असतो. करार हातात आला की पहिल्यांदा ही बेरीज मोडायची, बाकीची कलमं त्यानंतर वाचायची.

हिशेबासाठी एक नमुना घेऊ. माणूस शटरिंगचं काम करणारा सुतार, नववीपर्यंत शिकलेला. नोकरी दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत, मुदत दोन वर्षांची. करारात मूळ पगार, म्हणजे सगळे ज्याला बेसिक म्हणतात तो, ८०० दिरहम. जेवणभत्ता ३००. खाली एक ओळ: ओव्हरटाइम 'कंपनीच्या गरजेनुसार'. राहायला लेबर कॅम्पात जागा. आकडे मी धरलेले आहेत, कराराची ही घडण मात्र नेहमीची. एजंटच्या पंधराशेत बेसिक आणि भत्ता मिळून ११०० झाले. उरलेले ४०० ओव्हरटाइममधून येणार असं त्याने गृहीत धरलंय.

आता अमिरातीचा कायदा लावून बघू. २०२१चा कामगार कायदा तिथे २०२२च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम. त्यापुढच्या तासाला बेसिकच्या दराने पैसे अधिक पंचवीस टक्के. रात्री दहा ते पहाटे चार या वेळेत, पाळीचं काम नसेल तर, अधिक पन्नास टक्के. ८०० भागिले तीस दिवस, भागिले आठ तास, म्हणजे तासाला तीन दिरहम तेहतीस फिल्स. पंचवीस टक्के चढवले की चार दिरहम सतरा फिल्स. ४०० दिरहम मिळवायला महिन्याला शहाण्णव तास जादा राबावं लागेल, सव्वीस दिवस धरले तर रोज पावणेचार तासांच्या आसपास. कायदा सहसा दिवसाला दोन तासांच्या वर ओव्हरटाइम करू देत नाही. रोज पूर्ण दोन तास मिळाले असं मानलं तरी बावन्न तासांचे होतात सुमारे २१७. तेही सढळ हाताने धरलेले, कारण तीन आठवड्यांत एकूण एकशे चव्वेचाळीस तासांची आणखी एक मर्यादा आहे. थोडक्यात, कंपनी कायदा पाळणार असेल तर पंधराशे कधीच हातात पडणार नाहीत, फार तर तेराशे. पंधराशे पडलेच तर कायदा मोडूनच पडतील, आणि त्या जादा तासांची नोंद कुठेही नसेल.

बेसिक कमी आणि भत्ते जास्त ही मांडणी सहज घडत नाही. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: वर्ष पुरं केलेल्याला पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी एकवीस दिवसांचा बेसिक. आपल्या सुताराला वर्षाचे ५६०, दोन वर्षांचे ११२० दिरहम. हेच अकराशे सरळ बेसिक म्हणून लिहिले असते तर दोन वर्षांचे १५४० झाले असते आणि ओव्हरटाइमचा तासही पावणेसहाच्या घरात गेला असता. २०२३पासून तिथे नोकरी गेल्यास भरपाई देणारा विमा सक्तीचा आहे. त्याचे महिना पाच दिरहम कामगारानेच भरायचे असतात, तेव्हा ती कपात दिसली तर भांडायचं कारण नाही. पण त्याची भरपाईसुद्धा बेसिकच्या साठ टक्के. म्हणून दोन करार समोर असतील आणि बेरीज सारखी असेल, तर बेसिक मोठा असलेला करार डोळे मिटून चांगला म्हणावा.

मग सरकार कुठे असतं? १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी न झालेल्या बहुतेकांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' छापलेलं असतं. असा माणूस अमिराती, सौदी, कतार, ओमान, कुवेत, बहरीन, मलेशिया अशा ठरलेल्या देशांत नोकरीला निघाला की त्याला उत्प्रवास मंजुरी लागते. ती देतो प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स. मुंबईतलं त्याचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. अर्ज eMigrate या संकेतस्थळावरून होतो. परदेशी कंपनीची मागणी, परवानाधारक एजंट आणि करार हे तिथे एकमेकांशी जोडलेले असतात. करारात मुदत, पगार, राहण्याजेवण्याची सोय, परतीचा प्रवास, मृत्यू झाल्यास मृतदेहाची व्यवस्था आणि वाद मिटवण्याची पद्धत असलीच पाहिजे असं नियम सांगतात. कामानुसार किमान संदर्भ वेतनही ठरलेलं आहे. २०२०मध्ये केंद्राने आखाती देशांसाठी ते तीस ते पन्नास टक्क्यांनी उतरवलं होतं. तेलंगणातून त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि २०२१मध्ये जुने दर परत आले. मंजुरीसोबत प्रवासी भारतीय विमा योजनाही घ्यावी लागते. दोन वर्षांसाठी हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास दहा लाखांचं संरक्षण.

इथे एक विचित्र गोष्ट घडते. गावात 'ईसीआर' म्हणजे अशिक्षितपणाचा शिक्का समजतात आणि दहावी झालेला पोरगा मंजुरी लागत नाही म्हणून खुशीत असतो. प्रत्यक्षात त्याचा करार भारतातलं कोणीच बघत नाही. ज्याला शिक्का आहे त्याचा निदान एकदा तरी कोणाच्या तरी नजरेखालून जातो. दहावी झालेल्यांनी म्हणून दुप्पट बारकाईने वाचावं.

आणि ज्याला शिक्का आहे त्याची ही एकमेव तपासणीही एजंट टाळतो, ती व्हिजिट व्हिसाने. "आत्ता व्हिजिटवर जा, तिकडे कंपनी बदलून देईल." फिरायला जाणाऱ्याला मंजुरी लागत नाही, कारण कागदोपत्री तो नोकरीला चाललेलाच नसतो. म्हणजे eMigrateवर करार नाही, एजंटवर जबाबदारी नाही, मंजुरीसोबतचा विमा नाही. तिथे व्हिजिटवर काम करणं बेकायदा, आणि मुदत संपली की दिवसाला पन्नास दिरहम दंड. आठशे बेसिकवाल्याचा दिवसाचा पगार सत्तावीसही भरत नाही. एजंट कोणीही असो, नोकरीसाठी व्हिजिट व्हिसा पुढे केला की बोलणं तिथेच थांबवावं.

पैशाचा मुद्दा याहून सरळ आहे. परवानाधारक एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी घेऊ शकतो. झाले ३५,४००, तेही पावतीवर. आपल्या सुताराने दिले असं समजू १,२०,०००: थोडे गावच्या सब-एजंटला, बाकी मुंबईच्या ऑफिसात, सगळे रोख. वरचे ८४,६०० म्हणजे ३५२५ दिरहम. जेवण आणि मोबाइल वजा जाता तो महिन्याला नऊशे घरी पाठवू शकला तर जवळजवळ चार महिन्यांची कमाई. रक्कम शेकडा तीनने उचललेली असेल तर महिन्याचं व्याजच ३६०० रुपये, दीडशे दिरहम. कर्जात बुडालेला माणूस पगार थकला तरी काम सोडत नाही, हे एजंट आणि कंपनी दोघांनाही ठाऊक असतं. गावच्या सब-एजंटला १९८३च्या कायद्यात स्वतंत्र परवाना नाही. त्याच्या मागे कोणता नोंदणीकृत एजंट आहे तो नंबर मागायचा आणि eMigrateच्या यादीत बघायचा. बेकायदा एजंटांची यादीही तिथेच मिळते. परवान्याविना भरती करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि दंड मात्र दोन हजारांपर्यंत. १९८३ साली तो बहुधा जरबेचा वाटला असेल.

कपातीचं कलम वाचताना एकच प्रश्न विचारावा: हे पैसे कशाचे? भरतीचा, व्हिसाचा, वर्क परमिटचा खर्च मालकाचा, असं अमिरातीचा कायदाच म्हणतो. तो कामगाराकडून सरळ किंवा आडवाटेने वसूल करता येत नाही. म्हणून 'व्हिसा खर्च दहा हप्त्यांत पगारातून' ही ओळ बेकायदा. उचल घेतली असेल, चुकून जास्त पैसे दिले गेले असतील, तर ते कापता येतात. पण सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. 'शिस्तभंगाची कपात' असं मोघम लिहिलेलं असेल तर रक्कम विचारावी. उत्तर मिळत नसेल तर समजावं की ते महिन्याच्या शेवटी ठरणार आहे.

परतीच्या तिकिटावर मात्र सगळ्यांत कमी लोक थांबतात, आणि भांडणं सगळ्यांत जास्त तिथेच होतात. 'दोन वर्षांनंतर परतीचं तिकीट' हे वाक्य ऐकायला पुरेसं वाटतं. पण अकराव्या महिन्यात कंपनीने काम संपलं म्हणून काढलं तर? आजारी पडून परतावं लागलं तर? अमिरातीच्या कायद्यानुसार नोकरी संपल्यावर माणसाला भरतीच्या ठिकाणी परत पाठवण्याचा खर्च मालकाचा. अपवाद दोन: तो दुसऱ्या मालकाकडे लागला असेल, किंवा नोकरी त्याच्या स्वतःच्या कारणामुळे संपली असेल. सगळी ओढाताण या दुसऱ्या अपवादात होते. म्हणून करारात 'मुदतीआधी कंपनीने काढल्यास' आणि 'वैद्यकीय कारणाने' हे शब्द तिकिटाच्या कलमात आहेत का ते पाहावं. प्रोबेशनमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त सहा महिन्यांत, देश सोडायचा असेल तर चौदा दिवसांची लेखी नोटीस पुरते. 'सहा महिन्यांआधी आल्यास एक लाख भरेन' असा स्टॅम्पपेपर एजंट मुंबईत लिहून घेत असेल तर त्यावर सही करू नये. ती रक्कम कंपनी मागत नसते, एजंट मागत असतो.

यानंतरही एक धोका उरतो, तो म्हणजे करार बदलण्याचा. मुंबईत एका कागदावर सही आणि दुबईत दुसऱ्यावर. पहिल्यात बेसिक ८००, दुसऱ्यात ६००. याला आळा घालण्यासाठी अमिरातीत २०१६पासून नियम आहे. कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातल्या ऑफर लेटरवर कामगाराने देश सोडण्याआधी सही करायची, आणि नंतर नोंदला जाणारा करार त्या ऑफरशी जुळला पाहिजे. ते लेटर हिंदीतही निघतं. तेव्हा एजंटकडे 'करार' नव्हे, हे ऑफर लेटर मागायचं आणि त्यातला बेसिक eMigrateवरच्या कराराशी ताडून बघायचा. दोन्हींत एकच आकडा असेल तर बहुतेक काम झालं. आकडा वेगळा असेल, किंवा एजंट "ऑफर लेटर तिकडे गेल्यावर मिळतं" म्हणत असेल, तर पासपोर्ट परत घेऊन घरी यावं.

जाणाऱ्याने ऑफर लेटर, करार, मंजुरी, विमा आणि पैशांच्या पावत्या यांचे फोटो घरच्या माणसाच्या फोनवर ठेवावेत, कारण तक्रार बहुतेक वेळा घरच्यांनाच करावी लागते. भारतातून १८०० ११ ३०९० हा मोफत क्रमांक आहे. अमिरातीत प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा ८०० ४६३४२. दोन्ही क्रमांक विमानात बसायच्या आधी लिहून ठेवा.