आकड्यांखालचं चित्र

बोरिवलीतल्या एका तरुण संकलकाचा फोन आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. "काका, रशेसवर नंबर आहेत. ते पुसायचे कसे?" मुलुंडच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या मुलाखतीचं ते चित्रण होतं. बाई मधल्या काळात वारल्या होत्या, त्यामुळे पुन्हा चित्रण करणं शक्य नव्हतं. चित्राच्या तळाशी मधोमध पांढऱ्या आकड्यांची पट्टी सतत पळत होती: 14:07:32:11. तास, मिनिट, सेकंद आणि शेवटी फ्रेम. आपल्याकडे बहुधा सेकंदाला २५ फ्रेम्स असतात, म्हणून शेवटचा आकडा 00 ते 24 असा फिरतो. यालाच टाइमकोड म्हणतात आणि तो चित्रातच उमटवला की त्याला बर्न-इन म्हणतात.

ही प्रथा जुनी आहे. फिल्मवर चित्रण होई तेव्हा निगेटिव्हवरून संकलकासाठी व्हिडिओ प्रत काढत आणि तिच्यावर असे आकडे उमटवत. संकलन त्या प्रतीवर होई, मग आकड्यांच्या यादीवरून मूळ निगेटिव्ह कापली जाई. म्हणजे आकडे हा मूळ चित्राचा पत्ता होता. आज अंधेरीतल्या संकलनाच्या खोल्यांत फिल्म उरलेली नाही, पण पत्ता हाच आहे. म्हणून मी त्याला म्हटलं, "आधी पुसू नकोस, वाच."

पहिली तपासणी सोपी असते. फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडायची. आकडे गेले, तर ते पहिल्या प्लेअरने वरून दाखवलेले होते. इथे ते राहिले. म्हणजे त्या जागचं चित्र या प्रतीत नव्हतंच आणि कोणताही फिल्टर ते परत आणणार नव्हता. जे हवं होतं ते मूळ फाइलमध्येच मिळणार होतं. त्याच्याकडची प्रत १२८० बाय ७२० ची, हलकी, कामापुरती केलेली होती. कॅमेरामनकडे विचारल्यावर मूळ फाइल्सपैकी बऱ्याच सापडल्या, काही मात्र पुसल्या गेल्या होत्या.

सापडलेल्या फाइल्स जोडताना एक अडचण आली. हलकी प्रत बनवताना फाइलमधला टाइमकोड गळला होता. सॉफ्टवेअरच्या मते ती 00:00:00:00 पासून सुरू होत होती, तर चित्रावर पहिला आकडा 14:05:10:00 होता. अशा वेळी सॉफ्टवेअर चुकतं, चित्रावरचा आकडा खरा असतो. बाईंचं एक वाक्य 14:07:32:11 ला सुरू होत होतं, म्हणजे आरंभापासून २ मिनिटं, २२ सेकंद आणि ११ फ्रेम्सवर. एकूण ३५६१ फ्रेम्स. आम्ही हलक्या प्रतीचा आरंभ 14:05:10:00 असा भरला आणि मग तिच्या जागी मूळ फाइल जोडली. पडताळा घ्यायला ओठ आणि आवाज पाहिले. दोन्ही जुळले आणि आकडे आपोआप नाहीसे झाले.

उरली मूळ नसलेली दृश्यं. आकडे वरून ६५६व्या ओळीपासून सुरू होत होते. अक्षरांच्या कडेला दाबलेल्या चित्रात धुरकट कड येते, म्हणून थोडं वर, ६४८ ओळींवर कापलं. प्रमाण राखायला रुंदी ११५२ झाली आणि चित्र सुमारे १.११ पट मोठं करावं लागलं. बाई डावीकडे बसल्या होत्या, म्हणून रुंदीतले १२८ ठिपके उजवीकडूनच घेतले. किंचित मऊपणा आला, पण चेहरा शाबूत राहिला.

एका दृश्यात मात्र त्या मांडीवरची जुनी वही उलटत होत्या. तळ कापला तर वहीच जाणार. तिथे त्याने हा आदेश वापरून पाहिला:

```
ffmpeg -i rush.mp4 -vf "delogo=x=500:y=656:w=280:h=34" -c:a copy out.mp4
```

हा फिल्टर चौकटीच्या कडांचे रंग आत पसरवतो. मागे रंगवलेली भिंत असती तर भागलं असतं. इथे पानं हलत होती. थांबवलेल्या फ्रेममध्ये ठिगळ लक्षात येत नव्हतं, चालू केल्यावर मात्र पानावर पाणी सांडल्यासारखं थरथरत होतं. म्हणून अशी दुरुस्ती नेहमी चालत्या चित्रात, पूर्ण पडद्यावर पाहावी.

शेवटी मार्ग निघाला तो आवाजातून. आकडे चित्रात भाजलेले असतात, आवाज निर्मळ राहतो. बाईंच्या घरी ती वही होती. मुलाने ती दिली, आम्ही पानांचं वेगळं चित्रण केलं आणि त्यावर बाईंचा आवाज ठेवला.

एक पथ्य सांगायला हवं. संग्रहालयाने किंवा चित्रण विकणाऱ्याने पाहण्यापुरत्या दिलेल्या प्रतीवरचे आकडे पुसायचे नसतात. तिथे हक्क घेऊन स्वच्छ प्रत मागायची.

त्या तरुणाने आता कॅमेरामनशी एक ठरवलं आहे. चित्रपट पूर्ण होऊन हाती पडेपर्यंत मूळ फाइल पुसायची नाही.