टेलिग्रामवरच्या टिप्स सलग तीन दिवस बरोबर कशा येतात?

८०० जणांपैकी निम्म्यांना ‘निफ्टी वर जाणार’, निम्म्यांना ‘खाली’ असा मेसेज जातो. अंदाज चुकलेल्यांना सोडून उरलेल्यांवर पुन्हा तोच प्रयोग. तिसऱ्या दिवसानंतर उरतात १०० जण, ज्यांनी एकही चूक पाहिलेली नसते. फी त्यांच्याकडूनच मागतात.

मग येतं ‘कॉपी ट्रेडिंग’, रोज १ टक्का नफा. चक्रवाढीने २५० दिवसांत लाखाचे १२ लाख! हे जमणारा माणूस तुमच्या ५,००० रुपयांच्या फीमागे का लागेल? बनावट अ‍ॅपवरचा नफा म्हणजे नुसता आकडा असतो. काढायला गेलात की ‘आधी टॅक्स भरा’ सुरू होतं.

सल्लागाराचा INA किंवा INH ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाइटवर नावासकट जुळवून पाहा. नोंदणी खरी असली, तरी ठरावीक परताव्याची हमी त्यालाही देता येत नाही.