वडिलांच्या नावाचं वीजबिल आपल्या नावावर करताना

घरातलं माणूस गेल्यावर बँकेची खाती, विमा, सोसायटीची कागदपत्रं यांच्यामागे धावपळ सुरू होते. वीजबिल मात्र राहून जातं. मीटर चालू असतो, बिल मोबाइलवरून भरलं जातं आणि बिलावर गेलेल्या माणसाचं नाव वर्षानुवर्षं तसंच छापून येत राहतं. अडचण पुढे उभी राहते. भार वाढवायचा असतो, चुकीच्या बिलाची तक्रार करायची असते किंवा फ्लॅट विकायचा असतो, तेव्हा वीज कंपनी विचारते, ‘ग्राहक कुठे आहेत?’ हे टाळायचं तर एक नीट लिहिलेलं पत्र आणि त्यासोबत मोजकी कागदपत्रं पुरतात. मात्र त्या पत्रात नेमकं काय मागायचं, हे आधी ठरवावं लागतं.

महाराष्ट्रात हा विषय राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या वीजपुरवठा संहितेत येतो. ग्राहकाचा मृत्यू झाला, तर त्याची जोडणी दुसऱ्याच्या नावावर करता येते. एरवी अशा बदलाला जुन्या ग्राहकाचं संमतीपत्र लागतं. इथे ते मिळण्याचा प्रश्नच नाही. अशा वेळी जागेच्या मालकीचा पुरावा, वाटणीपत्र, नोंदणीकृत दस्त किंवा वारसा प्रमाणपत्र यांपैकी एक कागद चालतो. ‘यांपैकी एक’ हे शब्द लक्षात ठेवा. अनेक जण कार्यालयात गेल्यावर सगळेच कागद गोळा करायला लागतात आणि महिने निघून जातात. आपण कोणत्या कागदाच्या आधारे अर्ज करतो आहोत, हे पत्रातच स्पष्ट लिहिलं की पुढची चर्चा सरळ होते.

एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीतला एक फ्लॅट, वीज महावितरणची. वडील वारले. आई आणि भावाच्या संमतीने सोसायटीने शेअर सर्टिफिकेट मुलीच्या नावावर केलं. वडिलांच्या आजारपणात आणि त्यानंतर फ्लॅट अकरा महिने बंद होता, बिलंही भरली गेली नाहीत. वापर शून्य असला तरी स्थिर आकार दर महिन्याला लागतो आणि त्यावर व्याज चढतं.

ही थकबाकी कोणाची? संहितेचं उत्तर स्पष्ट आहे: न भरलेली रक्कम जागेवरचा बोजा असते आणि ती नव्या धारकाकडे येते. फ्लॅट विकत घेणाऱ्यावर येणारी जुनी थकबाकी जास्तीत जास्त सहा महिन्यांपुरती मर्यादित आहे. वारसाला ही सवलत नाही. मुलीने तोच फ्लॅट बाजारातून घेतला असता, तर तिच्यावर सहा महिन्यांपुरतीच थकबाकी आली असती. वारस म्हणून अकराही महिन्यांची रक्कम तिला भरावी लागते. म्हणून अर्जाआधी शेवटचं बिल काढून थकबाकी फेडावी आणि पावती पत्राला जोडावी. थकबाकी दिसत असली की अर्ज हमखास अडतो.

दुसरी गोष्ट सुरक्षा ठेवीची. वडिलांनी जोडणी घेताना भरलेली ठेव कंपनीकडे असते आणि बिलावर तिची रक्कम छापलेली असते. नावात बदल मागताना ही ठेवही वारसाच्या नावे वर्ग करा, असं लिहायला हवं. हे वाक्य राहून गेलं, तर ठेव जुन्या नावाने तशीच पडून राहण्याची आणि नव्याने ठेव मागितली जाण्याची शक्यता असते. दर महिन्याला बिल येणाऱ्या घरासाठी ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी असावी, असा २०२१ चा नियम आहे. समजा, सरासरी बिल ९०० रुपये आहे आणि जुनी ठेव ७०० रुपयांची आहे. आवश्यक ठेव १,८०० रुपये होते, म्हणून १,१०० रुपयांची मागणी येऊ शकते. हा दंड नाही, ठेवीचा फरक आहे. ठेवीवर दर वर्षी व्याज मिळतं आणि ते बिलात जमा होतं.

या सगळ्यावरून पत्राचा नमुना असा होतो:

दिनांक: ..........

प्रति,
उपकार्यकारी अभियंता,
.......... उपविभाग, महावितरण

विषय: ग्राहकाच्या मृत्यूमुळे वारसाच्या नावे वीजजोडणी करण्याबाबत.
ग्राहक क्रमांक: ..........  बिलिंग युनिट: ..........  मीटर क्रमांक: ..........

महोदय,

वरील जोडणी माझे वडील .......... यांच्या नावे आहे. दिनांक .......... रोजी त्यांचे निधन झाले. सदर फ्लॅट वारसाहक्काने माझ्याकडे आला असून सोसायटीने शेअर सर्टिफिकेट माझ्या नावे केले आहे. तो मालकीचा पुरावा म्हणून जोडत आहे. इतर वारसांची ना हरकत पत्रेही सोबत आहेत.

आजपर्यंतची थकबाकी भरली असून पावती जोडली आहे. कृपया (१) जोडणी माझ्या नावे करावी, (२) जमा सुरक्षा ठेव माझ्या नावे वर्ग करावी, (३) ठेवीत फरक असल्यास त्याची रक्कम लेखी कळवावी. मंजूर भार व वापराचा प्रकार यांत कोणताही बदल मागत नाही.

सोबत: मृत्यू प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, ना हरकत पत्रे, ओळखपत्र, शेवटचे बिल व पावती.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक)

पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मुद्दाम घातलेलं आहे. भारवाढ किंवा घरगुतीऐवजी व्यावसायिक वापर या वेगळ्या मागण्या आहेत. त्या याच अर्जात घातल्या, तर तपासणी वेगळी होते आणि नावाचं काम मागे पडतं. नाव आधी होऊ द्यावं.

आणखी एका ठिकाणी अर्ज अडतो. बिलावरचं नाव वडिलांचंच आहे का, हे आधी पाहा. जुन्या इमारतींत ते बिल्डरचं, पहिल्या मालकाचं किंवा आजोबांचं असतं. आजोबांचं असेल, तर आजोबा ते वडील आणि वडील ते तुम्ही असे दोन्ही दुवे कागदांनी दाखवावे लागतात, म्हणून दोन मृत्यू प्रमाणपत्रं लागतात. नावाचं स्पेलिंग ओळखपत्राशी जुळत नसेल, तर अर्जातच तसा खुलासा करा.

भावंडांच्या मनात भीती असते, की बिलावर एकाचं नाव लागलं की घर त्याचंच होईल. तसं होत नाही. वीजबिल मालकीचा पुरावा नाही. सोसायटीतलं नामनिर्देशनही इतर वारसांचा हक्क संपवत नाही. ही गोष्ट ना हरकत मागतानाच समजावून सांगितली, तर सह्या लवकर मिळतात.

पत्र हातोहात देत असाल, तर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ऑनलाइन अर्ज केला, तर अर्ज क्रमांक जपून ठेवा. अर्ज आणि शुल्क पूर्ण झाल्यावर दुसऱ्या बिलिंग चक्रापासून नाव बदललेलं दिसायला हवं. त्या बिलावर नावाबरोबरच ठेवीची रक्कमही तपासा. नाव बदललं आणि ठेवीच्या जागी शून्य आलं, तर काम अर्धंच झालं आहे. अशा वेळी कार्यालयात लेखी विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालांकडे जाता येतं. तिथे तुमच्या बाजूने बोलणारा कागद म्हणजे तीच शिक्क्याची पोच.

म्हणून मृत्यू प्रमाणपत्राच्या प्रती काढताना एक प्रत वीज कंपनीसाठी जास्त काढा आणि सोसायटीत नाव लागलं की त्याच आठवड्यात हे पत्र देऊन या.