ताळ्याच्या खुणा आणि मताधिक्याचा हिशेब

विद्यार्थी मंत्रिमंडळाच्या एका निवडणुकीनंतरची ही गोष्ट आहे. मतमोजणी चालू असताना फळ्याशेजारी चिकटवलेल्या कार्डशीटवर प्रत्येक मतासाठी एक रेघ ओढली जात होती. रात्री कौलांतून गळालेल्या पावसाने तो कागद भिजला आणि शाई पसरली. सुदैवाने एका सहकाऱ्याने मोबाईलवर त्याचे छायाचित्र घेऊन ठेवले होते. दुसऱ्या दिवशी पराभूत उमेदवाराने विचारले, "सर, मी नेमक्या किती मतांनी हरलो?" प्रश्न रास्त होता. हाती पुरावा म्हणून ते छायाचित्र, मतदारयादीवरील नोंद आणि पाकिटात बंद केलेल्या मतपत्रिका एवढेच होते.

ताळ्याच्या खुणांची रीत आपण शाळेत शिकलेली असते. चार उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी पाचवी तिरकी रेघ मिळून एक गट होतो. म्हणून प्रत्येक ओळीतील पूर्ण गट मोजून पाचाने गुणावेत आणि शेवटच्या सुट्या रेघा त्यात मिळवाव्यात. 'होडी' या चिन्हापुढे १४ गट व ३ सुट्या रेघा होत्या, म्हणजे ७३ मते. 'नारळा'पुढे १३ गट व ४ रेघा, म्हणजे ६९. 'कंदिला'पुढे ७ गट व ३ रेघा, म्हणजे ३८. मताधिक्य पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मतांमधील फरकाने ठरते, तिसऱ्याचा त्यात संबंध नसतो. त्यानुसार होडी ४ मतांनी विजयी दिसत होती.

परंतु वजाबाकीआधी बेरजेचा ताळा घ्यावयास हवा होता. मतदान १८६ जणांनी केले होते आणि ५ मतपत्रिका बाद ठरल्या होत्या, म्हणजे वैध मते १८१. छायाचित्रातील बेरीज मात्र १८० भरत होती. एक मत कुठे गेले?

छायाचित्रात अशी चूक लपण्याच्या जागा ठरावीक असतात. कडेला कापला गेलेला शेवटचा गट, दिव्याच्या चकाकीत पुसट झालेली रेघ, किंवा तिरक्या रेघेसारखी भासणारी कागदाची घडी. आम्ही चित्र मोठे करून प्रत्येक गटातील उभ्या रेघा स्वतंत्रपणे मोजल्या. नारळाच्या ओळीतील नवव्या गटात चार नव्हे, पाच उभ्या रेघा निघाल्या. मोजणाऱ्याने घाईत एक रेघ अधिक ओढून मग गट छेदला होता. त्या गटात ६ मते होती. नारळाची मते ७०, बेरीज १८१ आणि मताधिक्य ४ ऐवजी ३ झाले. याच्या उलटही घडते. मधल्याच गटात तिरकी रेघ राहून गेली असेल, तर तो पाच समजून मोजू नये. जेवढ्या रेघा दिसतात तेवढीच मते धरावीत आणि मग बेरीज पाहावी.

ताळा जुळला म्हणजे मोजणी निर्दोष ठरली, असे मात्र नाही. एका उमेदवाराची रेघ चुकून दुसऱ्याच्या ओळीत पडली, तर एकूण बेरीज तीच राहते. फरक मात्र दोनाने बदलतो, कारण एकाचे मत घटते आणि दुसऱ्याचे वाढते. येथे मताधिक्य ३ होते. होडीच्या ओळीतील दोनच रेघा वस्तुतः नारळाच्या असत्या, तर नारळाला ७२ आणि होडीला ७१ मते होऊन निकाल उलटला असता. छायाचित्र कितीही स्पष्ट असले तरी ही चूक त्यात दिसत नाही.

ओळींची सरमिसळ होण्याचा धोका नावे सारखी असताना अधिक असतो. आपल्या रायगड लोकसभा मतदारसंघात २०१४ साली अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचा आणखी एक अपक्ष उमेदवार होता आणि त्याला मिळालेली मते त्या फरकाहून कितीतरी अधिक होती. तेथे मोजणी यंत्रावर झाली. परंतु हाताने रेघा ओढताना नावाबरोबर चिन्हही लिहिणे का आवश्यक आहे, हे त्यावरून समजते.

म्हणून आम्ही दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांसमोर पाकीट उघडले. बाद मतपत्रिका ५, म्हणजे मताधिक्याहून अधिक होत्या. त्यामुळे आधी त्या तपासल्या. पाचहींवर दोन-दोन चिन्हांपुढे शिक्के होते. मग वैध मतपत्रिकांचे चिन्हवार ढीग लावून त्या मोजल्या: ७३, ७० आणि ३८. पराभूत विद्यार्थ्याने तिन्ही आकडे स्वतः वहीत उतरवले, वजाबाकी केली आणि खाली लिहिले, "फरक ३."