निबंध सुधारला, तो कसा?

सत्राच्या आरंभी ज्याची वही लाल शाईने भरून जात असे, त्याच विद्यार्थ्याचा एखादा निबंध सत्राअखेरीस अगदी निर्दोष होऊन हाती येतो. अशा वेळी वाचणाऱ्याच्या मनात आनंद आणि शंका ही दोन्ही एकदमच उभी राहतात. आनंद खोटा ठरला तर फारसे बिघडत नाही. पण शंका खोटी ठरली, तर प्रामाणिकपणे कष्ट केलेल्या मुलाच्या मनाला लागलेला घाव लवकर भरून येत नाही. यास्तव या दोन्हींचा निर्णय कोणत्या पुराव्यावर करावा, हे आम्ही येथे थोडे विस्ताराने सांगणार आहो.

प्रथम सामान्य प्रगती कशी होते ते पाहू. लेखन सर्व बाजूंनी एकाच वेळी सुधारत नाही. एक दोष जातो, दुसरा तसाच राहतो, आणि तिसरा नवीनच उत्पन्न होतो. इंदूरच्या एखाद्या मराठी शाळेतील आठवीची विद्यार्थिनी कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. जूनमधील निबंधात तिने 'गरीबाला', 'वकीलाने' असे लिहिले. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या लेखनविषयक नियमांप्रमाणे अशा शब्दांना प्रत्यय लागताना शेवटून दुसरे अक्षर ऱ्हस्व होते. म्हणून 'गरिबाला', 'वकिलाने' असे लिहावयास हवे. ऑगस्टमध्ये ही रूपे तिला बरोबर साधली. परंतु त्याच निबंधात तिने 'शरिराला' असेही लिहिले. 'शरीर' हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असल्यामुळे त्याचे रूप 'शरीराला' असेच राहते. नियम हाती आला, पण त्याचा अपवाद अजून आला नाही, असा या चुकीचा अर्थ. जूनमध्ये ही चूक ती करीत नव्हती. म्हणजे एक चूक वाढली, आणि तीच तिच्या शिकण्याची सर्वांत बळकट साक्ष ठरली. नियम शिकल्यावाचून ही चूक होणे कठीणच.

ऑक्टोबरमध्ये तिने 'आणि'ने जोडलेली तुटक वाक्ये सोडून लांब वाक्ये लिहिण्याचा यत्न केला. परिणामी दोन ठिकाणी कर्ता एकवचनी, तर क्रियापद अनेकवचनी झाले. गुण कदाचित एकाने कमीच मिळाले असतील. तथापि प्रगती झाली, हे निश्चित. आणि जूनमधील 'पाऊस येऊन राहिला होता' ही वाक्याची ठेवण तिने ऑक्टोबरमध्येही सोडली नाही. इंदूरकडील बोलण्यात हिंदीच्या सहवासाने ती रूढ झाली आहे. ग्रंथांतील मराठीत तेथे 'येत होता' असे लिहितात. वर्गात हा विषय निघालाच नव्हता, म्हणून ती सवयही गेली नाही.

आता त्याच वर्गातील दुसरा विद्यार्थी घेऊ. त्याचे पहिले चार निबंध या मुलीच्या जूनमधील निबंधासारखेच. पाचव्यात मात्र ऱ्हस्वदीर्घ, अपवादांसह, अचूक. लांब वाक्ये निर्दोष. अर्धविराम योग्य जागी. आणि 'येऊन राहिला' कोठेही नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते निबंधाचे चांगलेपण नव्हे. जे शिकविले ते, आणि जे कधीच शिकविले नाही तेही, एकाच आठवड्यात पालटले. शिवाय अर्धवट शिकल्याची एकही खूण मागे राहिली नाही. झेप आणि प्रगती यांतील खरा भेद हा आहे.

परंतु एवढ्यावरून निवाडा करू नये. चौकशीला जागा आहे, इतकेच सिद्ध होते. पहिले चार निबंध वर्गात चाळीस मिनिटांत लिहिलेले आणि पाचवा घरी आठवडाभर खपून लिहिलेला असेल, तर दोहोंची तुलनाच होऊ शकत नाही. विषय मुलाच्या जिव्हाळ्याचा असेल, तरी लेखन एकदम उजळते. चुका मोजताना त्या होण्याची संधी किती होती, हेही मोजावे लागते. ज्या निबंधात 'गरिबाला'सारखे रूप एकदाच आले, तो त्या बाबतीत निर्दोष निघाला म्हणून काहीच ठरत नाही. दहा वेळा येऊन नऊ वेळा बरोबर असेल, तर मात्र बरेच ठरते.

चौकशीचे पहिले साधन म्हणजे कच्चा खर्डा. स्वतः रचणारा आणि उतरून घेणारा हे दोघेही खाडाखोड करतात. पण ती निराळी असते. रचणारा एक शब्द खोडून त्याच अर्थाचा दुसरा घालतो, वाक्य अर्ध्यावर सोडतो, खालचा मजकूर बाणाने वर नेतो. उतरून घेणाऱ्याची नजर मात्र चुकते. दोन ओळींत एकच शब्द आला की तो पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी घेतो व मधला मजकूर गाळतो. किंवा तीच ओळ पुन्हा लिहितो. हस्तलिखित पोथ्यांचे अभ्यासक नकलाकाराच्या चुका याच खुणांवरून ओळखतात. अर्थात स्वतःच्याच खर्ड्याची स्वच्छ प्रत करतानाही अशा चुका होतात. म्हणून पक्की प्रत एकटी पाहून भागत नाही, तिच्यामागचा खर्डा पाहावा लागतो.

दुसरे साधन म्हणजे त्याच अटींवर पुन्हा लेखन. त्याच प्रकारचा विषय देऊन वर्गात अर्धा तास लिहावयास लावावे. ते घरच्या निबंधाइतके चांगले येणार नाही, हे आधीच गृहीत धरावे. कोणाचेच येत नाही. किती उतरले यापेक्षा काय टिकले, हे पाहावे.

तिसरे साधन बोलण्याचे. कठीण शब्दांचे अर्थ विचारून मुलाला पेचात धरू नये. 'हा परिच्छेद आधी का घेतलास? काही गाळलेस का?' असे विचारावे. लिहिताना ज्याने निवड केली, त्याला ती बहुधा सांगता येते. पण बुजरे मूल गप्प बसते. म्हणून केवळ मौन हा पुरावा मानू नये.

आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत काय निघाले असे समजावे? वर्गातील लेखनात 'येऊन राहिला' परत आले, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकाही आल्या. परंतु परिच्छेदांची मांडणी तशीच नेटकी राहिली आणि अर्धविरामही बहुतेक जागी टिकले. घरून आणलेल्या खर्ड्यात सारा मजकूर त्याच्याच अक्षरात, बाणांनी भरलेला. आणि त्यावर ताईने निळ्या शाईने केलेल्या दुरुस्त्या. म्हणजे विचार व रचना त्याची, शुद्धलेखन ताईचे. झेप अर्धी खरी होती. 'स्वतःचे' की 'दुसऱ्याचे' एवढाच प्रश्न विचारला असता, तर दोन्ही उत्तरे चुकली असती आणि मांडणीत त्याने खरोखर मिळविलेले यश कोणाच्या ध्यानातही आले नसते.

घरच्या मोठ्या माणसांनी मुलांच्या लेखनाला हात लावू नये, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. चूक जेथे असेल तेथे समासात खूण करावी; दुरुस्ती मुलानेच करावी. आणि विद्यार्थ्यांनी पक्की प्रत झाल्यावर खर्डा फाडून टाकू नये. त्यावर तारीख घालून तो वहीत ठेवावा. उद्या कोणी शंका घेतलीच, तर खाडाखोडीने भरलेले ते पानच तुमच्या बाजूने बोलेल.