टाइप-सी असूनही पडदा काळाच?

लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टला एचडीएमआयचा अडॅप्टर लावला, तरी मॉनिटर काळाच राहतो. त्याच पोर्टवर पेनड्राइव्ह मात्र व्यवस्थित चालतो. अशा वेळी अनेक जण केबल बदलत बसतात, पण दोष बहुधा केबलचा नसतो. यूएसबी-सी हा फक्त खाचेचा आकार आहे. साधा अडॅप्टर चित्र स्वतः तयार करत नाही. पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल यावा लागतो आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये अनेकदा तो जोडलेलाच नसतो. पोर्टशेजारी विजेची तिरकी खूण असेल तर ते बहुधा थंडरबोल्ट, तसे असेल तर तिथे चित्र मिळते. खूण नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ शोधा. तेही नसेल, तर लॅपटॉपचा स्वतःचा एचडीएमआय पोर्ट वापरा. अडॅप्टरवर पैसे घालवू नका.